एक शून्य जास्त कापलं गेलं

*ताई, नमस्कार. दारव्हा तालुक्यातून लिहितो. दहा वर्षांमागे आमची थोडी जमीन कालव्यात गेली. त्या पैशातले ४ लाख बाबांनी एकदाच हप्ता भरायच्या पॉलिसीत टाकले. एजंट नात्यातलाच. मॅच्युरिटीला एक रुपया टॅक्स नाही म्हणाला होता. या फेब्रुवारीत पॉलिसी संपली. कागदावर ७,३६,००० आणि खात्यात आले ६,६८,८००. शेजारच्या काकांची पॉलिसी त्याच महिन्यात सुटली, त्यांचा पैसाही कापला नाही. बाबा ६८ वर्षांचे, शेती आणि बँकेचं थोडं व्याज सोडून दुसरं उत्पन्न नाही, रिटर्न कधी भरलं नाही. शेतकऱ्याला टॅक्स नसतो ना? आता एजंट म्हणतो, यातले ६ लाख परत तशाच पॉलिसीत टाका. पॉलिसीच्या कागदाचा फोटो जोडला आहे. काय करावं?*
*— एक वाचक, जि. यवतमाळ*

भाऊ, तुमचे ६७,२०० रुपये बुडालेले नाहीत. ते बाबांच्या नावाने सरकारजमा झाले आहेत आणि माझ्या हिशेबाने सगळेच्या सगळे परत मिळायला हवेत. पण इथे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. एक पॉलिसी घेतली त्या दिवशीच घडली, दुसरी अगदी अलीकडची आहे. दोन्हींचा गुंता झाला म्हणून एजंटलाही उत्तर देता येत नसावं.

आधी अलीकडची. विम्याची रक्कम करपात्र ठरली तर कंपनी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घ्यायचा कर, कापते, पण पूर्ण रकमेवर नाही. हातात आलेल्या पैशांतून भरलेला हप्ता वजा करून जो नफा उरतो, त्याच्यावर. तुमचा नफा ७,३६,००० वजा ४,००,००० म्हणजे ३,३६,०००. १ ऑक्टोबर २०२४ पासून या टीडीएसचा दर २ टक्के आहे, आधी तो ५ टक्के होता. ३,३६,००० चे २ टक्के काढा: ६,७२०. तुमचे कापले ६७,२००. नेमके दहापट, म्हणजे २० टक्के. हा दर पॅन दिलेला नसेल किंवा दिलेला पॅन निष्क्रिय असेल तेव्हाच लागतो. बाबांचा पॅन बहुतेक आधारशी जोडलेला नाही. १ जुलै २०२३ पासून असे पॅन निष्क्रिय झाले. ज्याने कधी रिटर्न भरलं नाही त्याला ते कळायला कारणच नव्हतं. पॅनकार्ड पेटीत नीट ठेवलेलं असतं आणि आपण समजतो ते चालू आहे.

आता मूळ प्रश्न. ६,७२० तरी का कापायचे होते? एजंट तर टॅक्स नाही म्हणाला होता.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. घडीच्या रेषेवर अक्षरं पुसट झाली आहेत, कोपऱ्यात हळदीचा डाग आहे, पण दोन आकडे स्पष्ट वाचता येतात: एकरकमी हप्ता ४,००,००० आणि विमा रक्कम ५,००,०००. पॉलिसी सुरू झाल्याची तारीख फेब्रुवारी २०१६. या तीन गोष्टींवरून सगळं ठरतं.

आयकर कायद्याच्या कलम १०(१०डी) मध्ये आयुर्विम्याच्या रकमेला जी करमाफी आहे, तिला अट आहे. १ एप्रिल २०१२ किंवा त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत कोणत्याही एका वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. उलटं सांगायचं तर विमा रक्कम वर्षाच्या हप्त्याच्या किमान दहापट हवी. बाबांचा हप्ता ४ लाख, विमा ५ लाख. ४ भागिले ५ म्हणजे ८० टक्के. मर्यादा १० ची आणि आपण ८० वर. हप्ता एकदाच भरला आणि पुढची नऊ वर्षं काहीच भरलं नाही, म्हणून ते ४ लाख दहा वर्षांत विभागून ४० हजार धरता येत नाहीत. कायद्यात शब्द आहेत ‘कोणत्याही वर्षाचा’ हप्ता, आणि पहिल्या वर्षाचा हप्ता ४ लाखच होता.

म्हणजे सही केली त्याच दिवशी ही पॉलिसी करपात्र ठरली होती. दहा वर्षं कोणाला कळलं नाही एवढंच. एकरकमी हप्त्याच्या बहुतेक पॉलिसींची हीच गत असते, कारण त्यांत विमा हप्त्याच्या सव्वापटच असतो. पाच लाखांच्या विम्यासाठी चार लाख आधीच भरायचे, तर कंपनीने खरी जोखीम लाखभराचीच घेतली. बाकी सगळी ठेव. तिला सरकार ठेवीसारखंच वागवतं.

शेजारच्या काकांचं काय? त्यांचा कागद मी पाहिलेला नाही, पण तुम्ही त्यांच्या ओसरीवर बसून पाच मिनिटांत शोधून काढाल. आधी तारीख बघा. ३१ मार्च २००३ पर्यंत घेतलेल्या पॉलिसीला हप्ता आणि विमा यांच्या प्रमाणाची ही अटच नव्हती. १ एप्रिल २००३ ते ३१ मार्च २०१२ या काळातल्या पॉलिसीला मर्यादा २० टक्के आहे. समजा काकांनी फेब्रुवारी २०११ मध्ये पंधरा वर्षांची पॉलिसी घेतली, हप्ता वर्षाला ३०,००० आणि विमा २,५०,०००. प्रमाण आलं १२ टक्के. २० च्या आत, म्हणून पूर्ण माफ. हीच पॉलिसी, हाच हप्ता, पण त्यांनी दीड वर्ष उशिरा घेतली असती तर १२ टक्के १० च्या वर गेले असते आणि त्यांचाही नफा करपात्र झाला असता. त्यामुळे ‘अमक्याचे कापले नाहीत, माझे का कापले’ या तुलनेत तारीख माहीत नसेल तर काहीच कळत नाही. (अपंगत्व किंवा काही ठराविक गंभीर आजार असलेल्या व्यक्तीच्या विम्यासाठी १ एप्रिल २०१३ पासून मर्यादा १५ टक्के आहे. घरात कोणाला लागू असेल तर लक्षात ठेवा.)

विमा रक्कम कुठली धरायची, यातही लोक फसतात. एजंटच्या रंगीत पत्रकात दहाव्या वर्षाखाली मोठा आकडा छापलेला असतो. तो बोनससकटचा असतो. कायदा बोनस धरत नाही, परत मिळणारे हप्तेही धरत नाही. विमा दरवर्षी कमी-जास्त होत असेल तर पूर्ण मुदतीतली सर्वांत कमी हमीची रक्कम धरायची. म्हणून पत्रक बाजूला ठेवून पॉलिसीचं पहिलं पान काढायचं.

माझ्याच घरची गोष्ट सांगते. माझ्या वडिलांना एका बँकेच्या शाखेत मुदत ठेव मोडायला गेले असता काउंटरवरच्या मुलाने पॉलिसी दिली, वर्षाला ५० हजार आणि विमा साडेतीन लाख. सातपट. मी करसल्लागार, आणि घरी पॉलिसी आल्याचं मला तिसऱ्या हप्त्याला कळलं. ५० हजार भागिले साडेतीन लाख म्हणजे १४ टक्क्यांच्या वर. इथे हप्ता दरवर्षीचा आहे, एकरकमी नाही, दिसायला अगदी साधी पॉलिसी, तरी करपात्र. वय जास्त असलेल्यांना सातपटीच्या योजना हमखास दाखवतात, कारण त्या वयात दहापट विमा महाग पडतो.

आता ‘शेतकऱ्याला टॅक्स नसतो’ याबद्दल. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हे खरं. कापूस, तूर, सोयाबीन विकून आलेला पैसा माफ. पण पॉलिसीचा नफा वावरातून आलेला नाही. मूळ चार लाख जमिनीचे होते म्हणून त्यांच्यावर वाढलेले तीन लाख छत्तीस हजार शेतीचं उत्पन्न होत नाहीत, जसं कापसाचे पैसे बँकेत ठेवले तर त्याचं व्याज शेतीचं होत नाही. हा नफा ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदरात जातो.

मात्र करपात्र असणं आणि कर भरावा लागणं वेगळं. बाबांचा हिशेब मांडू. पॉलिसीचा नफा ३,३६,०००. बँकेचं व्याज तुम्ही ‘थोडं’ लिहिलंय, ते १५,००० धरते. एकूण ३,५१,०००. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. बाबा त्याच्या आतच आहेत. थोडे वर गेले असते तरी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ६०,००० पर्यंतची करसवलत आहे, त्यामुळे तिथेही बोजा पडला नसता. शेतीचं उत्पन्न दर ठरवायला मोजलं जातं खरं, पण बिगरशेतीचं उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं तरच. बाबांचा देय कर शून्य, कापलेले ६७,२००, परतावा ६७,२००.

हीच पॉलिसी पुण्यात नोकरी करणाऱ्या, वर्षाला १७ लाख कमावणाऱ्या मुलाच्या नावावर असती, तर नफ्यावर २० टक्के म्हणजे ६७,२०० आणि वर ४ टक्के उपकर, असे ६९,८८८ रुपये कायमचे गेले असते. तेव्हा कोणाच्या नावावर घेतली यालाही अर्थ आहे.

नफा काढताना एक गोष्ट वजा करू नये. भरलेल्या हप्त्यापैकी जेवढ्यावर आधी ८०सी ची वजावट घेतली असेल, तेवढा भाग हप्ता म्हणून पुन्हा धरता येत नाही. बाबांनी रिटर्नच भरलं नाही, म्हणजे वजावट घेतली नाही, म्हणून पूर्ण ४ लाख वजा होतात. मास्तर किंवा तलाठी असते तर मला हे आधी विचारावं लागलं असतं.

आता कामाला लागा, याच क्रमाने.

पहिलं, पॅन आधारशी जोडणं. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर १,००० रुपये विलंब शुल्क भरून जोडणीची विनंती टाकावी लागते. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण इथेच अडतात, कारण आधारवर ‘नामदेवराव’ आणि पॅनवर ‘नामदेव’ असतं, किंवा जन्मतारखेच्या जागी शाळेच्या दाखल्यावर १ जुलै पडलेली असते. नाव किंवा तारीख जुळत नसेल तर दोनपैकी जे चुकीचं ते आधी दुरुस्त करा आणि मगच विनंती टाका. विनंतीनंतर पॅन सक्रिय व्हायला महिनाभर लागू शकतो. पॅन निष्क्रिय असेपर्यंत परतावा मिळत नाही आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही, म्हणून ही पायरी सोडून पुढे जाऊ नका. बाबांचा मोबाइल आधारला जोडलेला आहे का, तेही बघून घ्या, पुढे ओटीपी त्याच्यावर येणार आहे.

दुसरं, कापलेला पैसा बाबांच्या पॅनवर दिसतो का. त्याच संकेतस्थळावर फॉर्म २६एएस उघडा. कलम १९४डीए खाली ६७,२०० दिसायला हवेत. दिसले तर ठीक, म्हणजे पॅन कंपनीकडे होता, फक्त निष्क्रिय होता. दिसले नाहीत तर दुसरं प्रकरण: कंपनीकडे पॅन नोंदलेलाच नव्हता आणि पैसे बिननावाचे जमा झाले आहेत. मग शाखेत पॅनची प्रत आणि लेखी अर्ज देऊन त्यांना टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त करायला लावा. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. दोन्ही प्रकारांत फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र, मागून ठेवा. जानेवारी ते मार्चच्या कपातीचा तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो.

तिसरं, रिटर्न. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं, ३१ जुलैच्या आत. शेतीचं उत्पन्न ५,००० पेक्षा जास्त असल्याने साधं आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावं लागेल. तालुक्याच्या सेवा केंद्रावर घाईत आयटीआर-१ भरून देतात आणि शेतीच्या रकान्यात शून्य टाकतात. तसं करू देऊ नका, शेतीचं खरं उत्पन्न माफ रकान्यात दाखवा. पॉलिसीचे ३,३६,००० इतर उत्पन्नात दाखवायचे. ७,३६,००० नव्हे. वार्षिक माहिती पत्रकात कंपनीने पूर्ण रक्कम कळवलेली दिसली तरी करपात्र नफाच आहे. हप्त्याची पावती आणि पॉलिसीचा कागद जपून ठेवा, नोटीस आली तर त्याच दोन कागदांवर उत्तर द्यायचं आहे. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ओटीपीने पडताळणी करायची, आणि परताव्यासाठी बाबांचं बँक खातं तिथे आधी प्रमाणित करून ठेवायचं.

रिटर्न भरायलाच हवं का, असं मनात येईल. ज्येष्ठ नागरिकाचा वर्षात ५०,००० किंवा त्याहून जास्त टीडीएस कापला असेल तर उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न सक्तीचं आहे. शिवाय त्याशिवाय पैसे परत येणार तरी कसे?

पॅन चालू असता तर हे सगळं टळलं असतं. पैसे मिळायच्या आधी बाबांनी कंपनीला फॉर्म १५एच दिला असता, ‘माझा कर शून्य आहे’ असं साठीवरील माणसाने लिहून द्यायचा तो कागद, तर ६,७२० सुद्धा कापले नसते. पॅन निष्क्रिय असताना मात्र १५एच चा उपयोग नाही. वर्षभरात मिळालेली करपात्र रक्कम १ लाखाच्या आत असेल तर टीडीएस मुळातच कापत नाहीत.

मी वर दिलेली कलमं १९६१ च्या कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले. बाबांची रक्कम फेब्रुवारीतली, त्यामुळे यंदाच्या रिटर्नला जुनेच क्रमांक लागतील.

राहिला एजंट आणि त्याचे ६ लाख. तो तुमच्या नात्यातला आहे, लग्नाकार्यात भेटणार आहे, म्हणून भांडायला नको. त्याच्यासमोर पत्रकाच्या मागच्या बाजूला एक भागाकार करा. ६ लाखांच्या एकरकमी हप्त्याला करमाफी हवी असेल तर विमा किती हवा? ६० लाख. ६८ व्या वर्षी, सहा लाखांत, साठ लाखांचा विमा तो देणार आहे का? देणार नाही. तो साडेसात लाखांचा देईल, म्हणजे पुन्हा तेच ८० टक्के. आणि समजा दिला, तरी दुसरी भिंत आहे: १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर घेतलेल्या साध्या पॉलिसींचा मिळून कोणत्याही वर्षातला हप्ता ५ लाखांच्या वर गेला तर करमाफी संपते. शेअर बाजाराशी जोडलेल्या युलिपला १ फेब्रुवारी २०२१ पासूनच्या पॉलिसींसाठी ही मर्यादा अडीच लाखांची आहे. सहा लाख दोन्हींच्या वर आहेत.

एजंट एक गोष्ट खरी सांगेल: विमाधारक गेला तर वारसाला मिळणाऱ्या रकमेवर कर नाही, मग हप्ता कितीही असो. ते बरोबर आहे, या सगळ्या मर्यादा माणूस हयात असताना मिळणाऱ्या रकमेच्या आहेत, मुदत संपल्यावरची असो की पॉलिसी मध्येच मोडून आलेली असो. पण बाबांना विमा कशासाठी हवा आहे? तुम्ही कमावते आहात, त्यांच्यावर कोणी अवलंबून असल्याचं पत्रात दिसत नाही. त्यांना पेरणीच्या दिवसांत हाताशी पैसा लागतो आणि दवाखान्याला लागतो. बँकेतली ठेव किंवा पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्यासाठी पुरेशी आहे. तिथलं व्याजही करपात्रच, पण बाबांच्या उत्पन्नात त्यावर कर बसत नाही, आणि पॅन चालू झाला की दर एप्रिलमध्ये ‘माझा कर शून्य आहे’ असा कागद दिला की कापाकापी होत नाही. पोस्टाच्या योजनेची मुदत पाच वर्षांची आहे, तेव्हा बियाणं-खताचे पैसे तिच्यात अडकवू नका, तेवढे बचत खात्यातच राहू द्या.

२६एएस मध्ये काय निघालं ते मात्र मला कळवा. पैसे बिननावाचे जमा झाले असतील तर शाखेला द्यायच्या अर्जाचा मसुदा पाठवते.